छतावर सोलर बसवताय? आधी वर्षभराची बिलं काढून बसा

गावात एका घरावर सोलर बसलं की आठ दिवसांत आणखी चार घरी विक्रेता येऊन जातो. त्याचं बोलणं ठरलेलं असतं: तीन किलोवॅट घ्या, ७८ हजार सबसिडी मिळते, बिल शून्य येतं. यातली सबसिडीची रक्कम खरी आहे. पण तुमच्या घराला तीन किलोवॅट लागतात का, हे विक्रेता सांगणार नाही. ते तुमचं बिल सांगतं. म्हणून मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर घ्या. सगळी सापडली नाहीत तरी चालेल. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो.

बिलात आधी युनिटचे टप्पे बघा. पहिल्या १०० युनिटला दर कमी असतो, १०१ ते ३०० युनिटला त्याच्या जवळपास दुप्पट आणि त्यापुढे आणखी जास्त. २०२४-२५ च्या दराने वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं तर पहिल्या टप्प्यातलं युनिट ७ रुपयांच्या आसपास पडत होतं, तर दुसऱ्या टप्प्यातलं १३ रुपयांच्या पुढे. दर दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे आकडे स्वतःच्या ताज्या बिलावरून घ्या. पण टप्प्यांची पद्धत तीच आहे. सोलरने युनिट कमी होतात तेव्हा बिलातली वरची, म्हणजे महागडी युनिट आधी जातात. स्वस्तातली शंभर शेवटी जातात. सगळा हिशोब इथेच फिरतो.

माझ्याच घराचं उदाहरण देतो. महिन्याला सरासरी २२० युनिट वापर. फ्रीज, तीन पंखे, टीव्ही, गच्चीवर पाणी चढवायची अर्ध्या एचपीची मोटर आणि उन्हाळ्यात दोन कूलर. बिलातली पहिली १०० युनिट ७ रुपयांनी ७०० रुपये. वरची १२० युनिट १३ रुपयांनी १,५६० रुपये. शिवाय स्थिर आकार, शुल्कासकट दीडशेच्या घरात.

आता एक किलोवॅटचं पॅनल आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. पहिल्या किलोवॅटने माझी महागातली १२० युनिट बरोबर उडाली आणि महिन्याला १,५६० रुपये वाचले. दुसऱ्या किलोवॅटने उरलेली १०० युनिट गेली, पण ती स्वस्तातली, म्हणून त्याची बचत ७०० रुपये. तिसरा किलोवॅट घेतला असता तर उडवायला काही उरलंच नव्हतं. स्थिर आकार सोलरने जात नाही, तो दर महिन्याला येतोच. त्यामुळे ‘बिल शून्य’ हे शब्द कुणी वापरले तर त्यातले दीडशे रुपये आपण मनात धरायचे.

खर्चाचं बघा. मला दोन किलोवॅटला १ लाख २० हजार लागले. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात. त्यापुढे कितीही किलोवॅट बसवा, घराला एकूण ७८ हजारांच्या वर जात नाही. माझे ६० हजार परत आले, खिशातून ६० हजार गेले. महिन्याला २,२६० रुपये वाचतात असं धरलं तर २७ महिन्यांत पैसे फिटले पाहिजेत. प्रत्यक्षात मी तीन वर्षं धरतो, त्याचं कारण पुढे येईल. तीन किलोवॅटचा भाव मला १ लाख ७५ हजार सांगितला होता. सबसिडी वजा जाता ९७ हजार. म्हणजे ३७ हजार जास्त घालून बचतीत काहीच भर नाही.

विक्रेता यावर म्हणतो, जादा वीज महावितरण विकत घेतं. घेतं, पण कसं ते समजून घ्या. नेट मीटरवर तुम्ही लाइनला दिलेली युनिट तुम्ही घेतलेल्या युनिटमधून वजा होतात. एखाद्या महिन्यात जास्त गेली तर ती पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा राहतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्या युनिटचा हिशोब होतो, आणि तेव्हा मिळणारा दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. ७ आणि १३ रुपयांची वीज वाचवणं वेगळं आणि उरलेली वीज विकणं वेगळं. घरात एसी येणार असेल, वीजेची गाडी घ्यायची असेल किंवा मुलाचं लग्न होऊन वर वेगळा संसार लागणार असेल तर तिसरा किलोवॅट जरूर घ्या. नुसती सबसिडी आहे म्हणून घेऊ नका.

आणि ज्यांचा वापर महिन्याला ८० युनिट आहे त्यांचं काय? त्यांची सगळी वीज स्वस्तातली. एक किलोवॅट बसवलं तर वाचणार ५६० रुपये. ७० हजारांतून ३० हजार सबसिडी गेली तरी उरलेले ४० हजार फिटायला सहा वर्षं लागतात. अशा घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापर असणाऱ्यांना केंद्राच्या ३० हजारांवर राज्याकडून जादा रक्कम मिळते: दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि सर्वसाधारण गटातल्या आर्थिक दुर्बल ग्राहकाला १०,०००. ही ठरावीक संख्येपुरती आहे, तेव्हा तुमच्या भागाचा कोटा शिल्लक आहे का हे महावितरणच्या उपविभागात विचारल्याशिवाय कुणाला आगाऊ रक्कम देऊ नका.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट. लाइट गेली की हे सोलर बंद पडतं. हो, भर दुपारी, लख्ख ऊन असतानाही. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात घरच्यांनी मला यावरून धारेवर धरलं. सबसिडीतलं नेहमीचं सोलर बॅटरीशिवाय, थेट लाइनला जोडलेलं असतं. लाइन गेल्यावरही त्याने वीज सोडली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून लाइन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तो बिघाड नाही. बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घेतला तर लाइट नसतानाही घर चालतं, पण त्याचा खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. सबसिडी मात्र पॅनलच्या किलोवॅटवर मिळते, बॅटरीवर नाही. रोज रात्रीच लाइट जात असेल तर आहे तो साधा घरगुती इन्व्हर्टर ठेवा आणि सोलर वेगळं चालू द्या.

दिवसा लाइट गेली तर तेवढ्या वेळची निर्मितीही बुडते. सकाळी ११ ते दुपारी २ हाच सोलरचा सुगीचा काळ. त्यात दोन तास लाइट गेली तर त्या दिवशीच्या विजेचा मोठा हिस्सा गेला. म्हणून मी २७ महिन्यांचे तीन वर्षं धरली. तुमच्या गावाला दिवसा किती वेळ लाइट जाते हे तुम्हाला माहीत आहेच, त्या प्रमाणात आकडा कमी करा. एक लक्षात घ्या, ही योजना घरगुती मीटरची आहे. शेतीपंपाच्या मीटरचा याच्याशी संबंध नाही, पंपासाठीची सौर योजना वेगळी.

कागदांकडे येऊ. अर्ज pmsuryaghar.gov.in वर होतो. मोबाइल नंबर, राज्य, वीज कंपनी म्हणून महावितरण आणि बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकला की नोंदणी होते. वीज बिल अपलोड करायचं आणि अर्ज सादर करायचा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक पाहणीसाठी थांबावं लागत नाही, गरज असेल तर मंजूर भारही आपोआप वाढतो. हे काम मोबाइलवर अर्ध्या तासाचं आहे. सीएससी केंद्रात करून घेतलं तरी ओटीपी स्वतःच्याच मोबाइलवर येऊ द्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. विक्रेत्याने स्वतःचा नंबर टाकून अर्ज भरला तर पुढे तुमचा अर्ज कुठे अडकलाय हे तुम्हालाच दिसत नाही.

गावाकडे अर्ज अडतात ते मात्र नावापायी. अर्ध्या घरांची बिलं वडिलांच्या, आजोबांच्या नावावर आहेत आणि ते हयात नाहीत. अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि सबसिडी त्याच नावाच्या बँक खात्यात जमा होते. आमचं मीटर वडिलांच्या नावावर होतं. सोलर आधी बसवू, नाव नंतर करू असा शहाणपणा मी केला असता तर ६० हजार अडकले असते. त्या वेळी एका ओळखीच्याने अडवलं म्हणून वाचलो. आधी मीटरचं नाव बदललं: मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८ चा उतारा माझ्या नावाचा, भावाचं आणि बहिणींचं संमतीपत्र, आधार, आणि थकबाकी शून्य असलेलं बिल. यातला नमुना ८ माझ्या नावावर नव्हताच, तिथूनच सुरुवात करावी लागली. दीड महिना त्यात गेला. हे जमलं की पुढचं सोपं आहे. बिल, आधार आणि पासबुक या तिन्ही ठिकाणचं नाव एकदा शेजारी ठेवून वाचा. एकात ‘राव’ आहे, दुसऱ्यात नाही, एवढ्यावरही अडतं.

अर्जानंतर पोर्टलवरच्या यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडायचा. त्याच्याशी करार होतो, तो वाचून सही करा. पैशांबाबत हे ध्यानात ठेवा की सबसिडी विक्रेत्याला नाही, तुमच्या खात्यात येते, आणि तीही काम पूर्ण होऊन नेट मीटर बसल्यावर. म्हणजे १ लाख २० हजार आधी तुम्हालाच उभे करायचे आहेत. हातात नसतील तर तीन किलोवॅटपर्यंत सरकारी बँका विनातारण कर्ज देतात, त्याचं व्याज नेहमीच्या वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी असतं. विक्रेत्याला सगळी रक्कम एकदम देऊ नका. मी शेवटचे २० हजार नेट मीटर सुरू होईपर्यंत रोखून धरले होते. पॅनल बसून मीटर यायला तीन आठवडे लागले, आणि त्या काळात विक्रेता फोन उचलत होता तो त्या २० हजारांमुळेच, असं माझं मत आहे.

पॅनल गाडीतून उतरताना तिथे उभं राहा. सबसिडीसाठी पॅनल डीसीआर असावं लागतं. पॅनल तर भारतात जोडलेलं हवंच, पण त्याच्या आतले सेलही भारतातच बनलेले हवेत. बाहेरच्या देशातले सेल आणून इथे जोडलेलं पॅनल स्वस्त पडतं, त्याच्यावरही भारतात बनल्याचा शिक्का असतो, पण ते सबसिडीला चालत नाही. त्यामुळे कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द लिहून घ्या, प्रत्येक पॅनलच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा आणि कंपनीच्या डीसीआर प्रमाणपत्रावर तेच सीरियल नंबर आहेत का ते पडताळा. एकदा पॅनल चौकटीत बसलं की मागचं स्टिकर वाचायला पुन्हा जमत नाही.

काम पूर्ण झालं की पोर्टलवर माहिती आणि फोटो टाकून नेट मीटरचा अर्ज जातो. महावितरणचे कर्मचारी तपासणी करून मीटर बसवतात आणि कार्यान्वित झाल्याचा अहवाल चढतो. त्यानंतर बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश टाकून सबसिडीची मागणी करायची. ही शेवटची मागणी राहून गेल्यामुळे महिनोन्‌महिने वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. सगळं झालं असं वाटतं, पण मागणी केलेलीच नसते.

जागा किती लागते? एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, सावली नसलेली. पॅनलचं तोंड दक्षिणेला. कडुनिंबाची फांदी, पाण्याची टाकी, शेजाऱ्याचा जिना, डिश अँटेना, कशाचीही सावली सकाळी ९ ते दुपारी ४ मध्ये पडू नये. पॅनल एका माळेत जोडलेली असतात, एकावर सावली आली की बाकीच्यांचाही जोर कमी होतो. जागा ठरवण्याआधी हिवाळ्यातली सावली बघा, डिसेंबरात सूर्य खाली असतो तेव्हा ती सगळ्यात लांब पडते. पत्र्याच्या घरावरही बसतं, फक्त अँगल आणि कैच्या वाऱ्याचा ताण सोसतील का हे आधी चांगल्या फॅब्रिकेटरला दाखवा. मे महिन्यातल्या वावटळीत पॅनल खालून उचलली जातात.

आता देखभाल. यात रोजचं काही काम नाही, पण दुर्लक्ष केलं तर वीज गुपचूप कमी होते आणि बिल आल्याशिवाय कळत नाही. आपल्या भागात धुळीचा काळ ठरलेला आहे: हरभरा-गव्हाची मळणी सुरू झाली की जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत. या दिवसांत दर पंधरा दिवसांनी पुसा. मळणीयंत्र शेजारीच चाललं असेल तर ते हललं की दुसऱ्याच दिवशी. पावसाळ्यात पाऊस स्वतःच धुतो, तरी पारव्यांची विष्ठा आणि शेवाळ काढावं लागतं. विष्ठेचा एक वाळलेला थरही एखादा सेल झाकून ठेवतो, आणि तिथे उष्णता साठून डाग पडतो.

धुवायचं ते सूर्य उगवायच्या सुमाराला किंवा संध्याकाळी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पॅनलवर पांढरे डाग बसतात आणि ते निघता निघत नाहीत, म्हणून पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. दोन पॅनलला एक बादली पुरते. काठीला बांधलेलं मऊ फडकं पुरे आहे. निरमा, घासणी, राख यातलं काही लावू नका. आणि पॅनलवर पाय देऊन चढू नका. वरून काच शाबूत दिसते, पण आतल्या सेलला केसाएवढ्या भेगा जातात आणि पुढे वर्षभराने निर्मिती घसरते.

वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटी, वायरमनला घेऊन अर्धा दिवस द्या. चौकटीचे नट आवळायचे. पॅनलखालच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात का, माकडांनी ओढल्यात का, लोंबत असतील तर बांधून घ्यायच्या. इन्व्हर्टरशेजारच्या डब्यात वीज आली तर ती जमिनीत घालवणारं एसपीडी नावाचं यंत्र असतं, त्याच्या छोट्या खिडकीचा रंग हिरवा हवा. लाल दिसला तर ते बदललंच पाहिजे, नाहीतर पुढच्या कडकडाटात इन्व्हर्टर जातो. अर्थिंगचे खड्डे उन्हाळ्यात कोरडे पडतात, त्यात पाणी घाला. तीन अर्थिंग वेगवेगळी असायला हवीत: पॅनलचं, इन्व्हर्टरचं आणि वीजरोधकाचं. तिन्ही एकाच खड्ड्यात सोडून दिली असतील तर विक्रेत्याला परत बोलवा. योजनेत विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची असते. करारात वर्षाला किती फेऱ्या आणि तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार, हे आकड्यात लिहून घ्या.

बिघाड ओळखायचा कसा? इन्व्हर्टरच्या मोबाइल ॲपवर रोजची युनिट दिसतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी माझं दोन किलोवॅटचं ८ ते ९ युनिट देतं, मार्च-एप्रिलमध्ये थोडं जास्त. जुलै-ऑगस्टच्या झडीत ३-४ वर येतं, त्याची काळजी नाही. काळजी तेव्हा, जेव्हा ऊन स्वच्छ असताना चार-पाच दिवस ६ च्या खाली राहतं. आधी धूळ आणि सावली बघा. पुसल्यावर आकडा वर आला तर तेच कारण. नाही आला तर ॲपमधला दिवसाचा आलेख उघडा. चांगला आलेख टेकडीसारखा गोल असतो. दुपारी बारा-एकच्या सुमाराला त्यात करवतीसारखे दाते दिसत असतील आणि इन्व्हर्टरवर Grid Over Voltage असं येत असेल तर पॅनलचा दोष नाही. डीपीवरच्या लाइनचा दाब दुपारी वाढतोय आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला पुन्हा पुन्हा थांबतोय. लाइनच्या शेवटच्या घरांना आणि एका डीपीवर बरीच सोलर असलेल्या गल्लीत हे होतं. वायरमनकडून दुपारी मीटर लावून दाब मोजून घ्या, तीन दिवसांचे आकडे आणि स्क्रीनचे फोटो जोडून महावितरणकडे लेखी तक्रार द्या. डीपीच्या टॅपची जुळणी किंवा फेजचा समतोल करून हे सुटतं, विक्रेत्याच्या हातात ते नाही.

बिलही दर महिन्याला पडताळा. ॲपमधली महिन्याची निर्मिती घ्या, त्यात बिलावरची घेतलेली युनिट मिळवा आणि लाइनला दिलेली वजा करा. उरतो तो तुमच्या घराचा खरा वापर. एप्रिलमध्ये माझी निर्मिती २५० होती, घेतली १६०, दिली १३०, म्हणजे वापर २८० आणि बिल फक्त ३० युनिटचं. पहिल्या दोन-तीन बिलांत दिलेली युनिट शून्य दिसली तर मीटरचं वाचन चुकीचं घेतलं गेलंय. मीटरवरच्या आकड्यांचा फोटो तारखेसह काढून तेव्हाच तक्रार नोंदवा, पुढे उशीर झाला की मागची युनिट मिळवायला चकरा वाढतात.

एक खर्च कुणी सांगत नाही. पॅनलची हमी साधारण २५ वर्षांची असते, पण इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. साधारण दहा वर्षांत एकदा तो बदलावा लागेल असं धरून चाला. खरेदीच्या वेळी त्याची वॉरंटी किती वर्षांची आणि बदलून मिळणार की दुरुस्त करून, हे बिलावर लिहून घ्या. मी महिन्याच्या बचतीतले २५० रुपये वेगळ्या आरडीत टाकतो, ते त्यासाठीच.